नवरदेवाची थट्टा फारसीत कशी करावी?

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या, ते मी इथून पाहिलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक लग्नातल्या विनोदांवर काय बोलणार? पण आपण जी समीक्षा करतो ती छापील भाषांतरांची करतो. नाटकाचं, कवितेचं, कादंबरीचं भाषांतर घेऊन बसतो. तिथे वाचक एकटा असतो, त्याच्यापाशी वेळ असतो, आणि भाषांतर फसलं तर फार तर पुस्तक मिटतं. भर मांडवात दोन कुटुंबांसमोर केलेलं भाषांतर फसलं तर काय होतं, हे जास्त अवघड प्रकरण आहे. म्हणून ते आज घेतो.

प्रकरण आपल्याच शहरातलं. मुलगा नाशिकचा, मुलगी शिराझची, दोघंही पुण्यात शिकायला होती. कुटुंबांची नावं मी घेणार नाही, त्यांची तशी इच्छा आहे. नवरदेवाच्या मित्राने इंग्रजीत भाषण केलं, पाश्चात्त्य लग्नांत 'बेस्ट मॅन' करतो तसलं. मुलीच्या मामेभावाने ते टप्प्याटप्प्याने फारसीत सांगितलं. दोन्ही संहिता कागदावर माझ्याकडे आल्या. मी फारसी शिकलो ती तर्कशास्त्राच्या नादाने, इब्न सीनाने 'दानिशनामा' फारसीत लिहिला म्हणून. हाताशी माधव जूलियनांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश होता. तो अजूनही उपयोगी पडतो, पण लग्नाच्या विनोदाला नाही. ते का, ते पुढे सांगतो.

आधी मूळ वस्तू काय आहे ते बघू. बेस्ट मॅनच्या भाषणाचा साचा ठरलेला असतो. मी कोण, आमची ओळख कशी झाली, मग नवरदेवाच्या दोनतीन फजित्या, मग सूर बदलून वधूचं कौतुक, आणि शेवटी पेला उंचावून शुभेच्छा. सगळा भार मधल्या फजित्यांवर असतो. मित्र नवरदेवाला नावं ठेवतो आणि ऐकणाऱ्यांना कळतं की हा त्याच्यावर जीव टाकतो. आपल्या अलंकारशास्त्रात याला नेमका शब्द आहे, व्याजस्तुती. वरून निंदा, आतून स्तुती. मम्मटापासून सगळ्यांनी ती सांगितली आहे. पण व्याजस्तुतीला एक अट असते. ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत हवं की ही निंदा खरी नाही. हे वाक्यात लिहिलेलं नसतं. ते प्रसंगात असतं, रिवाजात असतं.

आता हा रिवाज इराणात आहे का? शब्द आहे. नवरदेवाच्या सोबत्याला तिथे 'साकदूश' म्हणतात. 'साघ' म्हणजे तुर्कीत उजवा, आणि 'दूश' म्हणजे फारसीत खांदा. उजव्या खांद्याशी उभा राहणारा. आपला पाठराखा म्हणा ना! पण साकदूश उभा राहतो, भाषण करत नाही. इराणी लग्नात थट्टा भरपूर आहे, फक्त ती दुसरीकडे आहे. अक्दाच्या वेळी वधूला तीनदा विचारतात, तुझी संमती आहे का? पहिल्यांदा वधू गप्प बसते आणि मागच्या बायका ओरडतात, 'अरूस रफ्ते गोल बेचीने', नवरी फुलं तोडायला गेलीये! दुसऱ्यांदा म्हणतात, गुलाबपाणी आणायला गेलीये. तिसऱ्यांदा ती म्हणते, आईवडिलांच्या परवानगीने, हो. दोघांच्या डोक्यावर कापड धरून साखरेचे खडे घासतात, आणि त्याच कापडात सात रंगांच्या दोऱ्यांनी टाके घालतात. काय शिवतात? तर सासूची जीभ! म्हणजे थट्टा आहे, बोचरीसुद्धा आहे. पण ती बायकांच्या तोंडी आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि तिच्यात कुणाच्या पूर्वायुष्यातली नवी बातमी नसते.

आपल्याकडेही असंच नाही का? कानपिळीला वधूचा भाऊ नवरदेवाचा कान खरोखर पिळतो आणि बक्षीस घेतो. उखाण्यात चिमटे असतात. पण कुणी माईक घेऊन, याने कॉलेजात काय दिवे लावले ते सांगत नाही. तेव्हा मामेभावापुढे प्रश्न शब्दांचा नव्हता. ज्या कृतीला फारसीत जागाच नाही, ती कृती फारसीत करायची होती. ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हेच मांडलं की बोलणं हे करणं असतं. वाक्य जसंच्या तसं नेलं आणि त्याने वेगळंच काही घडवलं, तर भाषांतर झालं असं कसं म्हणायचं?

अडचणीत भर घालणारी आणखी एक साधी गोष्ट होती. फारसीत वर आणि जावई यांना एकच शब्द आहे, 'दामाद'. वधू आणि सून यांनाही एकच, 'अरूस'. इंग्रजी भाषणात मित्र 'ग्रूम'ची फजिती सांगतो तेव्हा तो फक्त आजच्या दिवसाचा नवरदेव असतो. फारसीत तेच वाक्य ऐकताना शिराझहून आलेली आजी ऐकते, 'तुमचा जावई असा आहे.' शब्दकोशाप्रमाणे भाषांतर अचूक आहे. पण थट्टेची चाहूल नसलेल्या कानाला ती तक्रार वाटते.

आता तीन विनोद घेऊ. एक अर्धा जमला, एक पूर्ण जमला, एक माझ्या मते फसला.

पहिला. मित्र म्हणाला, कॉलेजात याचं एकीवर जिवापाड प्रेम होतं. पहाटे उठून तिच्याकडे जायचा, दर रविवारी तिला न्हाऊ घालायचा, पगारातला पैसा तिच्यावर उधळायचा. आणि मग एक दिवस त्याने तिला विकली. ती त्याची बुलेट होती. इंग्रजीत हा विनोद 'शी' या सर्वनामावर उभा आहे. लाडाने गाडीला 'शी' म्हणता येतं. मराठीत तर लाडाचीही गरज नाही, गाडी ही 'तीच'. फारसीत लिंगच नाही. 'तो', 'ती' दोघांना मिळून 'ऊ'. मग विनोद मेला का? मेला असता, जर फारसी पुस्तकी असती. पुस्तकी फारसीत माणसाला 'ऊ' आणि वस्तूला 'आन', असे दोन शब्द आहेत, म्हणजे पहिल्याच वाक्यात भांडं फुटतं. पण बोली फारसीत दोन्हींचा उच्चार 'ऊन' असा होतो. 'ऊन' म्हणजे ती मुलगीही आणि ते यंत्रही. मामेभावाने बोलीतच सांगितलं आणि आडोसा आयता मिळाला. मघाशी मी कोशाबद्दल म्हणालो ते यासाठी. जूलियनांचा कोश ग्रंथांतल्या फारसीचा आहे, तिथे हा आडोसा सापडणार नाही. आपल्याकडे शिकलेली फारसी बहुधा ग्रंथांचीच असते. तिच्यात केलेला विनोद म्हणजे पंगतीत उभं राहून पोथीच्या भाषेत वरण मागण्यासारखं.

मग हा अर्धाच जमला असं का म्हणतो? कारण आडोसा फार चांगला झाला. इंग्रजी ऐकणाऱ्याला साचा माहीत असतो, पुढे कलाटणी येणार हे तो धरून चालतो. फारसी ऐकणाऱ्या आजीला ते माहीत नाही. तिच्यासाठी पहिली तीन वाक्यं म्हणजे नातजावयाचं जुनं प्रकरण. अर्धं मिनिट का होईना, तिने ते खरं मानलं तर तिच्या काळजात काय होईल? मामेभावाने दोन गोष्टी केल्या. न्हाऊ घालण्याऐवजी 'फडक्याने पुसायचा' म्हटलं, आणि दुसऱ्याच वाक्यात घातलं की तिचा आवाज इतका मोठा होता की गल्ली जागी व्हायची. आजीला मधेच कळलं आणि ती हसायला लागली. म्हणजे इंग्रजीतला विनोद शेवटच्या धक्क्याचा होता, फारसीतला ओळखीचा झाला. 'मला कळलंय बरं का', या आनंदाचा. धक्का गेला, पण धक्का जायलाच हवा होता. दोष एवढाच की शेवटचं 'विकली' हे वाक्य त्याने तसंच ठेवलं. तोवर सगळ्यांना गाडी कळली होती, त्यामुळे ते लोंबत राहिलं. विनोदाचं वळण पुढे सरकवलं तर शेवटही पुढे घ्यावा लागतो.

दुसरा विनोद. मित्र म्हणाला, चार वर्षांत याने एकदाही स्वयंपाक केला नाही, पण एकही जेवण चुकवलं नाही. खोलीवर कुकरची शिट्टी झाली की हा दारात. फारसीत हे जसंच्या तसं सांगितलं तर काय होईल? दामाद आळशी आणि फुकट्या. सासरच्यांसमोर! मामेभावाने घटना तशीच ठेवली. स्वयंपाक केला नाही, हेही ठेवलं. फक्त शेवटी एक वाक्य जोडलं: 'सासूबाईंची आणि आमची तेव्हा ओळखही नव्हती, पण आम्हाला तेव्हाच कळलं होतं की त्यांचा याच्यावर फार जीव आहे.'

मांडव हसला. आपल्याला हसू का येत नाही? कारण त्यामागे फारसीतली एक म्हण आहे. ऐन जेवणाच्या वेळी कुणी टपकलं की इराणी माणूस म्हणतो, 'मादर-ज़नेत दूसेत दारे', तुझी सासू तुझ्यावर प्रेम करते हो! घरोघरी म्हणतात, लग्न न झालेल्यालाही म्हणतात. आता बघा या एका वाक्याने काय काय केलं. खोड जिथल्या तिथे राहिली. तीच खोड शुभशकुन ठरली. आणि ज्या सासूची जीभ सकाळी सात रंगांच्या दोऱ्यांनी शिवली होती, त्या नात्याच्या थट्टेतच मुलीच्या आईला मान मिळाला. इंग्रजी वाक्यात नसलेला शब्द भाषांतरात आला, तरी मूळ भाषणकाराला जे करायचं होतं तेच घडलं. वरून निंदा, आतून स्तुती. मी याला या सगळ्या संहितेतलं सर्वांत इमानदार भाषांतर म्हणतो.

तिसरा विनोद तुम्ही कदाचित ऐकला असेल, पाश्चात्त्य लग्नांत तो इतका चालतो की शिळा झालाय. मित्र म्हणतो, ज्या मुलींकडे अजून याच्या खोलीची किल्ली आहे, त्यांनी कृपया ती आता परत करावी. आणि आधी ठरवून ठेवलेल्या पाचसहा जणी किल्ल्या घेऊन पुढे येतात. त्यात एक म्हातारी मावशीही असते. इथेही तसंच केलं. फारसीत काय सांगितलं? 'याच्या खोलीचं दार मित्रांना सदैव उघडं असायचं, इतकं, की प्रत्येकाकडे किल्ली होती. आज ते किल्ल्या परत करतायत, कारण आता घराची मालकीण आली.'

सुंदर आहे, नाही का? पाहुणचार हा इराणी माणसाचा अभिमानाचा विषय, त्यामुळे वाक्य गोड लागलं. तरीही हे फसलं असं मी म्हणतो, आणि कारण सांगतो. जेवणाच्या विनोदात खोड शिल्लक होती. इथे खोड उडून गेली, उरली सरळ स्तुती. 'व्याज' गेलं, कोरडी 'स्तुती' राहिली. पण मुख्य तक्रार ती नाही. मुख्य तक्रार अशी की मांडवात दोन्ही भाषा येणारे लोक होते. वधूच्या मैत्रिणी, तिचे पुण्यातले इराणी वर्गमित्र. ते इंग्रजीत मोठ्याने हसले. मग आजीने गोड वाक्य ऐकलं आणि तिला प्रश्न पडला की इतक्या साध्या गोष्टीवर एवढा हशा कशाचा? हसण्याचं आणि वाक्याचं माप जुळेना. आणि माप जुळलं नाही की ऐकणाऱ्याला समजतं, आपल्यापासून काहीतरी लपवलंय. तेही स्वतःच्या नातीच्या लग्नात.

इथे खरा प्रश्न येतो. बदलून सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? जेवणाचा विनोदही बदललेलाच होता. मग तो इमानदार आणि हा लबाड, असं कशावरून? मी दोन कसोट्या सुचवतो. पहिली मूळ बोलणाऱ्याच्या बाजूने. त्याला भाषांतर परत त्याच्या भाषेत सांगितलं तर तो म्हणेल का, 'हो, मी हेच करत होतो'? दुसरी ऐकणाऱ्याच्या बाजूने, आणि ती जास्त महत्त्वाची. तिला उद्या मूळ वाक्य कळलं तर तिला काय वाटेल? जेवणाच्या विनोदाचं मूळ आजीला कळलं तर ती म्हणेल, 'आमच्या मुलाने छान सांगितलं.' किल्लीच्या विनोदाचं मूळ कळलं तर म्हणेल, 'माझ्यासमोर सगळे हसले आणि मला भलतंच सांगितलं.' फरक शब्द किती बदलले यात नाही. दुसरी कसोटी जिथे टिकत नाही तिथे भाषांतरकाराने कौशल्य दाखवू नये. त्याने आदल्या दिवशी मित्राला बाजूला घेऊन सांगावं की हा विनोद काढ, इंग्रजीतूनही काढ. आजी समोर बसली आहे म्हटल्यावर इंग्रजी ही खासगी खोली राहत नाही.

आता थोडं हसण्याच्या वेळेबद्दल. आधी इंग्रजी, मग फारसी, असा क्रम होता. त्यामुळे प्रत्येक विनोदाला आधी तरुण हसायचे, मग ज्येष्ठ. ज्येष्ठांच्या वाट्याला दर वेळी उष्टं हसू. फक्त जेवणाच्या विनोदाला मामेभावाने मित्राला खुणेने थांबवलं आणि फारसी आधी सांगितलं. ज्येष्ठ आधी हसले, आणि इंग्रजीवाले 'काय, काय?' करत थांबले. पंगतीत आधी कुणाला वाढायचं हे आपल्याला कळतं, मग हसण्याच्या पंगतीत का कळू नये? आणखी एक, त्याने वाक्यावाक्याला भाषांतर केलं नाही, विनोद पूर्ण होऊ दिला आणि मग सांगितला. हे बरोबर. विनोदाचे तुकडे केले की त्याची बातमी होते.

सुरुवात आणि शेवट, दोन्ही थोडक्यात. मित्राने सुरुवातीला द्राक्षांचा विनोद केला होता. नाशिकच्या मळ्यांत 'शिराझ' नावाची वाइनची द्राक्षं पिकतात, म्हणजे शिराझ इथे आधीच आलं होतं, वधू मागून आली. त्या द्राक्षाचा शिराझ शहराशी संबंध नाही, ते मूळचं फ्रान्सचं, हे १९९०च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. पण विनोदाला दाखला लागत नाही. फारसीत मामेभावाने वाइन गाळली, द्राक्षं ठेवली, आणि आधी एक वाक्य घातलं: 'गुलशनाबादेत आपलं स्वागत.' मुघल काळात नाशिकचं हे नाव होतं. फारसी शब्द, फारसी कानाला लगेच कळणारा, फुलबागेचं गाव. परक्या गावात आलेल्या माणसाला त्या गावाचं नाव स्वतःच्या भाषेत ऐकू आलं. विनोद करण्याआधी त्याने ऐकणाऱ्याला बसायला जागा दिली. शेवटी पेला उंचावण्याऐवजी त्याने सरबताचा ग्लास हातात घेऊन म्हटलं, 'बे पाय-ए हम पीर शीद', एकमेकांच्या साथीने म्हातारे व्हा. मद्याचं नावही न निघता शुभेच्छा पोचल्या.

एक इशारा आपल्यासारख्या लोकांसाठी. आपल्याला वाटतं फारसी शब्द आपल्या ओळखीचे आहेत. मित्राला शेवटी दोन शब्द फारसीत बोलायची हौस आली आणि तो म्हणाला, 'शादी मुबारक'. फारसीत 'शादी' म्हणजे आनंद, लग्नाला 'अरूसी' म्हणतात. 'आनंद मुबारक' असा काहीतरी अर्थ झाला. लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या, चाललं. पण ओळखीचा शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो, हे लक्षात ठेवावं.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. या भाषणाची फारसी झाली, कारण शिराझहून आलेल्या मंडळींना इंग्रजी येत नाही हे सगळ्यांनी आधीच गृहीत धरलं. पण नवरदेवाची आत्या सिन्नरहून आली होती, त्याच्या वडिलांचे चुलते आले होते. त्यांना किती इंग्रजी येतं हे कुणी विचारलं? या भाषणाची मराठी कुणीही केली नाही. आत्या शेजारच्या मुलीला विचारत राहिली, 'काय म्हणाला गं तो?' आणि मुलगी दर वेळी म्हणाली, 'काही नाही आत्या, गंमत केली.' परक्यांसाठी आपण दुभाषा ठेवतो आणि घरच्यांना 'काही नाही' सांगतो. मामेभावाच्या कामात मी चुका काढल्या, त्या काढता आल्या कारण त्याने काम केलं. मराठीत चूक काढायलासुद्धा काही नाही. बुलेटचा विनोद तर मराठीत आयता तयार होता, 'ती' म्हटलं की झालं!

मी इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.